टप्प्यात येईपर्यंत: दुपंखी विमानांपासून क्षेपणास्त्रवाल्या जेटपर्यंत हवाई झुंज कशी बदलली

डॉगफाईट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोलांट्या मारणारी विमानं येतात. बघायला ते छानच असतं, पण वैमानिकाच्या डोक्यात त्या वेळी कोलांटी नसते. माझं शस्त्र त्याला कुठून लागेल आणि त्याचं मला कुठून, एवढाच हिशोब तिथे चालू असतो. प्रत्येक शस्त्राचा एक टप्पा असतो. शत्रूच्या विमानाभोवती न दिसणारी एक जागा असते, तिथे शिरलात तर तुमचं शस्त्र काम करतं, नाहीतर दारूगोळा वाया. आपण त्या जागेत शिरायचं आणि आपल्याभोवतीच्या तशाच जागेत त्याला शिरू द्यायचं नाही, यासाठीच्या सगळ्या खटपटीला डावपेच म्हणतात. गेल्या शंभर वर्षांत या जागेचा आकार बदलत गेला आणि त्याच्यामागून डावपेच बदलले.

पहिल्या महायुद्धात ही जागा अगदी चिंचोळी होती. १९१५ मध्ये फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोसने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पट्ट्या बसवून समोर गोळ्या झाडायचा मार्ग काढला. थोड्याच महिन्यांत जर्मनांच्या फोकर विमानात अशी यंत्रणा आली की पातं समोर असताना मशीनगन थांबायची आणि मधल्या फटीतून गोळी सुटायची. तेव्हापासून बंदूक विमानाच्या नाकात पक्की झाली आणि नेम धरायचा म्हणजे अख्खं विमानच वळवायचं, हे ठरून गेलं.

आता अडचण बघा. गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटर जाते असं धरू. शत्रू ३०० मीटरवर असेल तर तिला पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच वेळ लागतो. तेवढ्यात ताशी १८० किलोमीटरने आडवं जाणारं विमान जवळजवळ २० मीटर पुढे सरकलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तिप्पट. लगोरीत पळत्या पोराला चेंडू मारताना आपण त्याच्या पुढे मारतो, तसंच इथेही पुढे मारावं लागतं. पण किती पुढे, हा अंदाज तेव्हा फार थोड्यांना जमायचा. बाकीच्यांसाठी उपाय एकच: बरोब्बर शेपटीमागे जायचं. तिथून शत्रू आडवा सरकत नाही, फक्त लहानमोठा होतो. पन्नास मीटरपर्यंत जवळ गेलं की नेमाचा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं कागदावर उतरवलं ते ऑस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने, १९१६ मध्ये. त्याचे नियम आजही शिकवले जातात. हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, जमलं तर सूर्य पाठीशी ठेवा. जवळ गेल्यावरच गोळी झाडा. हल्ला मागून करा. वरून कोणी अंगावर आलं तर पळू नका, उलट त्याच्याकडे वळा. या शेवटच्या नियमात टप्प्याचं सारं गणित आहे. पळालात तर शेपूट त्याच्यासमोर राहते आणि तो टप्प्यातच बसून राहतो. त्याच्याकडे वळलात तर क्षणभर समोरासमोर येता आणि तो भर्रकन बाजूने निघून जातो. दोघांनी एकाच शत्रूमागे लागू नये, असाही एक नियम त्याने लिहिला होता. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी तो आणि त्याचा मित्र एर्विन ब्योमे एकाच इंग्रज विमानामागे लागले, त्यांची विमानं एकमेकांना घासली आणि बोल्के त्यातच गेला.

त्या काळी गिरकी घेण्यात तरबेज असलेलं विमान राजा वाटायचं. इंग्रजांच्या सॉपविथ कॅमलचं इंजिन पंख्यासकट गरगर फिरायचं, त्यामुळे विमान उजवीकडे झटक्यात वळायचं. त्याच खोडीने नवशिक्या इंग्रज पोरांचे बळीही बरेच घेतले. पण १९१८ पर्यंत दुसरी जात पुढे आली होती. एस.ई. ५ए हे विमान गिरकीत कॅमलइतकं चपळ नव्हतं, मात्र वेगवान आणि दणकट होतं. उंचावरून सूर मारायचा, एक झोड उठवायची आणि वेग आहे तोवर पुन्हा वर निघून जायचं, अशी त्याची रीत. कोलकात्यात जन्मलेल्या इंद्रलाल रॉयने याच विमानातून जुलै १९१८ च्या दोनेक आठवड्यांत १० विजय नोंदवले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि त्याच महिन्यात तो मारला गेला.

म्हणजे दोन शाळा तेव्हाच तयार झाल्या होत्या: गिरक्या घेऊन मागे बसणारी आणि वेग-उंची साठवून ठेवणारी. दुसऱ्या महायुद्धात दुसरीची सरशी झाली. जपानी झीरो विमानाशी गिरकीत जिंकणं अमेरिकन वाइल्डकॅटला शक्यच नव्हतं. चढणंही झीरोचंच चांगलं. जिमी थॅच या नौदलाच्या वैमानिकाने रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून यावर तोड शोधली. दोन विमानांनी शेजारी शेजारी उडायचं, पण मध्ये अंतर ठेवून. एकाच्या शेपटीमागे झीरो लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं. ज्याच्यामागे झीरो आहे तो आपल्या जोडीदाराच्या नाकासमोरून जातो, आणि त्याच्यामागून येणारा झीरो आपसूक जोडीदाराच्या टप्प्यात येतो. झीरोने पाठलाग सोडला तर जीव वाचला, नाही सोडला तर तो मेला. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत थॅचने हा डाव प्रत्यक्ष वापरला आणि स्वतः तीन झीरो पाडले. एकट्याची चपळाई नाही, जोडीतलं अंतर हे शस्त्र आहे, ही गोष्ट इथे पहिल्यांदा इतकी स्वच्छ दिसली.

जेट आले आणि मैदानच पसरलं. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी २०० किलोमीटरने उडणारं दुपंखी विमान अंगावर ३ जी घेऊन वळलं (म्हणजे वैमानिकाला स्वतःचं वजन तिप्पट वाटतं), तर साधारण ११० मीटर त्रिज्येत फिरतं. ताशी ९०० किलोमीटरचं जेट ६ जी घेऊन वळलं तरी त्याला हजार मीटरहून मोठी त्रिज्या लागते. पूर्ण वळसा घेतलेल्या दोन जेटमध्ये दोन किलोमीटर अंतर सहज पडतं, आणि त्या अंतरावरचं लढाऊ विमान म्हणजे काचेवरचा ठिपका. नजर हलली की हरवला. मागे जाऊन बसणं शक्य असतं, पण बंदुकीच्या टप्प्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. नेमका हा वेळ वाचवायला क्षेपणास्त्र आलं. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सेबर विमानांनी चिनी मिग-१७ वर साइडवाइंडर डागली आणि हवाई झुंजीत क्षेपणास्त्राने विमान पडायला सुरुवात झाली.

यानंतर बऱ्याच जाणत्या लोकांना वाटलं की डॉगफाईट संपली. अमेरिकेने फँटम हे लढाऊ जेट बांधलं ते बंदुकीशिवाय. दुरून रडारवर शत्रू दिसेल, स्पॅरो क्षेपणास्त्र सुटेल, संपलं. मग व्हिएतनाम आलं.

तिथे काय बिघडलं हे समजण्यासाठी त्या क्षेपणास्त्रांचा टप्पा नीट पाहायला हवा, कारण तो वाटला होता तसा नव्हताच. सुरुवातीच्या साइडवाइंडरला फक्त इंजिनाचं तापलेलं नळकांडं दिसायचं. म्हणजे जायचं पुन्हा शेपटीमागेच, फक्त आता पन्नास मीटरऐवजी एक ते तीन किलोमीटरवर, आणि मागच्या एका अरुंद सुळक्यातच. फार जवळून मारलं तर क्षेपणास्त्राला वळून नेम धरायला वेळ मिळायचा नाही. डागताना तुमचं विमान जोरात वळत असेल तर ते भरकटायचं. सूर्य दिसला तर सूर्याकडे जायचं, उन्हात चमकणारा ढग दिसला तर ढगात. स्पॅरोची तऱ्हा निराळी. ते लागेपर्यंत लक्ष्यावर रडारचा झोत धरून ठेवावा लागे, आणि त्यातली नाजूक उपकरणं दमट हवेत आणि विमानवाहू जहाजांवरच्या आदळआपटीत सारखी बिघडत. त्यात नियम असा की आपलंच विमान पडू नये म्हणून बहुतेक वेळा डोळ्यांनी ओळख पटल्याशिवाय डागायचं नाही. दुरून मारायचं शस्त्र हातात, आणि ओळख पटवायला जायचं जवळ! १९६५ ते १९६८ या काळात डागलेल्या क्षेपणास्त्रांपैकी दहातलं एखादंच लागलं.

या टप्प्यात कसं शिरायचं याचा वस्तुपाठ २ जानेवारी १९६७ रोजी मिळाला. उत्तर व्हिएतनामचे मिग-२१ फँटमना टाळायचे आणि बॉम्ब वाहून नेणाऱ्या जड एफ-१०५ वर झडप घालायचे. थायलंडमधल्या उबोन तळावरच्या कर्नल रॉबिन ओल्ड्सने फँटमनाच एफ-१०५ चं सोंग दिलं. तोच मार्ग, तीच उंची, तोच वेग, रेडिओवर तशीच भाषा, आणि एरवी एफ-१०५ वर असायचं ते रडार गोंधळवणारं यंत्रही पंखाखाली लटकवलेलं. मिग फसले आणि ढगांतून वर आले.

ओल्ड्सच्या स्वतःच्या पहिल्या मिगवर सुटलेली क्षेपणास्त्रं वाया गेली आणि ते ढगांत शिरलं. मग दुसरं मिग दिसलं, समोरून एका बाजूला वळत जाणारं. इथे सरळ त्याच्यामागे वळावं असं कोणालाही वाटेल. पण फँटम जड, मिग हलकं. त्याच पातळीत वळलं असतं तर फँटम वळणाच्या बाहेर फेकलं गेलं असतं, कदाचित मिगच्या पुढेही गेलं असतं, आणि पुढे जाणं म्हणजे आपली शेपूट त्याला देणं. ओल्ड्सने नाक वर उचललं आणि मिग ज्या बाजूला वळत होतं त्याच्या उलट बाजूला गिरकी घेतली. काही क्षण तो मिगच्या वर, डोकं खाली अशा अवस्थेत, त्याच्याकडे बघत लटकून राहिला. खाली मिग आपलं वळण पुरं करत होतं. योग्य वेळी ओल्ड्सने गिरकी संपवून नाक खाली टाकलं आणि तो मिगच्या मागे, किलोमीटर-दीड किलोमीटरवर, जरा खालच्या बाजूला उतरला. दोन साइडवाइंडर सोडली. एक लागलं आणि मिगचा पंख उडाला.

वर जाण्याने एकाच वेळी तीन गोष्टी साधल्या. वर चढताना वेग कमी झाला, म्हणून वळण लहान झालं. वाट लांबली, म्हणून तो मिगच्या पुढे गेला नाही. आणि उतरला तेव्हा अंतर नेमकं साइडवाइंडरच्या टप्प्याइतकं होतं, ना फार जवळ ना फार लांब. बोल्केच्या काळात उंची फक्त झडप घालण्यासाठी जमवायचे. इथे ती झुंजीच्या मध्यात, सेकंदासेकंदाला खर्च आणि जमा होत होती. त्या दिवशी अमेरिकेने ७ मिग पाडल्याचं जाहीर केलं, स्वतःचं विमान न गमावता.

हा जमाखर्च आकड्यांत बसवला तो अमेरिकन हवाई दलाचा वैमानिक जॉन बॉइडने, टॉम ख्रिस्टी या गणितज्ञाच्या मदतीने. ताशी ९०० किलोमीटर वेग म्हणजे जवळजवळ ३,२०० मीटर उंचीइतकी ऊर्जा. नाक वर केलं की एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं (हवेचा रेटा सोडला तर). जोराने वळलं की ही ऊर्जा जाते आणि इंजिन ती पुन्हा भरतं. कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला कोणतं विमान किती भरपाई करू शकतं, याचे आलेख बॉइडने काढले. आपलं आणि शत्रूचं विमान एकाच आलेखावर ठेवलं की कुठे लढायचं आणि कुठून काढता पाय घ्यायचा, ते दिसू लागलं.

व्हिएतनामचा धडा म्हणून एक वाक्य फार फिरतं: ‘फँटमला बंदूक नव्हती म्हणून हरले.’ मला हे अर्धवट वाटतं. अमेरिकन हवाई दलाने पुढे फँटमच्या नाकात २० मिलिमीटरची तोफ बसवली, हे खरं. पण नौदलाच्या फँटमना ती शेवटपर्यंत मिळाली नाही, आणि तरी कामगिरी सुधारली ती नौदलाची. पहिल्या पर्वात एका विमानामागे जेमतेम अडीच मिग पाडणारं नौदल १९७२ मध्ये बारा मिग पाडू लागलं. मधल्या काळात कॅप्टन फ्रँक ऑल्टच्या समितीने क्षेपणास्त्रांची साठवण, तपासणी आणि प्रशिक्षण यांची चिरफाड केली होती, आणि त्यातून मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला टॉपगन ही शाळा सुरू झाली. तिथे वैमानिकांना टप्पा पाठ करून घेतला जाई, कुठल्या अंतरावर, कुठल्या कोनात, किती जी असताना कळ दाबायची. आणि सराव फँटमचा फँटमशी नाही, तर मिग-१७ सारख्या वागणाऱ्या छोट्या स्कायहॉकशी. जोडीही मोकळी केली. हवाई दलात जोडीदार नेत्याला चिकटून उडायचा आणि मारायचा फक्त नेता. नौदलात दोघं दीड-दोन किलोमीटर अंतराने शेजारी उडायचे आणि ज्याला संधी तो मारायचा. थॅचच्या काड्यांचाच हा वारसा.

बंदूक निरुपयोगी होती असं मात्र म्हणवत नाही. आपल्याकडचं उदाहरण आहेच. मिग-२१ एफएल, जे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधलं जाई, तेही अंगची तोफ नसलेलं विमान. तोफेची पेटी पोटाखाली वेगळी लावावी लागे. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानी स्टारफायटरवर क्षेपणास्त्र सोडलं, ते चुकलं, आणि मग त्या पेटीतल्या तोफेनेच त्यांनी ते विमान पाडलं.

यानंतर टप्पा शेपटीमागून निघून विमानाभोवती पसरला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सी हॅरियरकडे साइडवाइंडरचा नवा प्रकार होता, समोरून येणाऱ्या विमानाची ऊबही ओळखणारा. (प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो मागूनच मारला गेला, पण समोरून जाण्याची भीती अर्जेंटिनाच्या वैमानिकांना होतीच.) त्याहून मोठा धक्का १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर बसला. पूर्व जर्मनीची मिग-२९ पश्चिमेच्या हातात आली. त्यांचा वैमानिक शिरस्त्राणातल्या यंत्रातून नुसती मान वळवून शत्रूकडे बघायचा आणि आर-७३ क्षेपणास्त्र नाकापासून ४५ अंश बाजूलाही सुटायचं. अख्खं विमान वळवून नेम धरायची, गारोसपासूनची गरज संपली. आणि त्याबरोबर जवळच्या झुंजीचं आकर्षणही, कारण दोघांकडेही असं शस्त्र असेल तर पहिल्या वळणातच दोघंही टप्प्यात येतात, आणि पुष्कळदा दोघंही पडतात.

म्हणून आता झुंज डोळ्यांच्या पलीकडे गेली आहे. समजा दोन विमानं समोरासमोर येताहेत, प्रत्येकाचा वेग सेकंदाला ३०० मीटर. दर मिनिटाला अंतर ३६ किलोमीटरने घटतं. ५० किलोमीटरवर एकाने क्षेपणास्त्र सोडलं. आता तो तसाच पुढे गेला तर शत्रूच्या क्षेपणास्त्राकडे स्वतःच धावतो. म्हणून तो पन्नासेक अंश बाजूला वळतो, इतकंच की शत्रू रडारच्या कडेला दिसत राहावा आणि क्षेपणास्त्राला माहिती जात राहावी. क्षेपणास्त्राचं स्वतःचं रडार चालू झालं की पाठ फिरवून निघून जायचं. शत्रूचेही डाव असतात. तो रडारला काटकोनात उडतो. रडार जवळ येणाऱ्या किंवा दूर जाणाऱ्या वेगावरून विमान ओळखतं, काटकोनात तो वेग शून्य होतो आणि विमान जमिनीच्या गोंधळात मिसळून जातं. सगळा खेळ पडद्यावर आणि मिनिटाभरात, पण कोणी कधी वळायचं आणि जोडीदाराने कुठे असायचं, हे अजूनही ठरवून सरावलेलं असतं.

बातम्यांत मात्र एकच आकडा सांगतात: अमुक क्षेपणास्त्राचा पल्ला शंभर किलोमीटर. तो ऐकताना थोडं थांबावं. क्षेपणास्त्राचं इंधन काही सेकंदांत संपतं, पुढे ते मिळालेल्या वेगावर जातं. समजा ते ७० सेकंदांत ७० किलोमीटर जाऊ शकतं. समोरून येणारं विमान तेवढ्या वेळात २१ किलोमीटर स्वतःच पुढे येतं, म्हणजे ९१ किलोमीटरवरून डागलं तरी गाठ पडते. तेच विमान पाठ फिरवून पळालं तर ४९ किलोमीटरच्या आतूनच डागावं लागतं. आणि ते पळताना खालच्या दाट हवेत उतरलं, वळणं घेत गेलं, तर आणखी बरंच जवळून. लढणाऱ्याला महत्त्व या लहान आकड्याचं. राफेलवरच्या मीटिअर क्षेपणास्त्रात रॉकेटऐवजी हवा ओढून जळणारं आणि शेवटापर्यंत ढकलत राहणारं इंजिन घातलंय, ते प्रामुख्याने हा लहान आकडा वाढवण्यासाठी.